‘लिफ्ट बंद’ आणि सत्तेचाळीस रिकाम्या जागा: पायटॉर्चमधील पॅकिंगचा माझा अनुभव

मी ठाण्यात राहते आणि महापे येथील एका लहान कंपनीत काम करते. आमची कंपनी गृहनिर्माण सोसायट्यांसाठी एक ॲप चालवते. रहिवासी त्यावर मराठीत तक्रार लिहितात आणि ती लिफ्ट, पाणी, वीज, सफाई, सुरक्षा अशा वर्गांपैकी कोणत्या वर्गात मोडते हे ठरवणारे छोटे मॉडेल माझ्याकडे आहे. ते जीपीयू नसलेल्या साध्या सर्व्हरवर चालवायचे असल्यामुळे दोन्ही दिशांनी वाचणारा एका थराचा जीआरयू, म्हणजे एकेक शब्द वाचत आपली स्थिती बदलत नेणारे छोटे जाळे, आम्ही निवडला होता. या मॉडेलमधील एक दोष शोधून दूर करण्यात माझे जानेवारी महिन्यातील अडीच आठवडे गेले. त्या दिवसांत मी जे क्रमाने केले ते येथे लिहून ठेवत आहे, कारण पहिले दोन उपाय मला पूर्ण बरोबर वाटले होते आणि ते अपुरे होते.

सोमवार, ६ जानेवारी २०२५ रोजी सकाळी तक्रार-विभागातील सहकाऱ्याने मला दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या. ‘लिफ्ट बंद’ ही दोन शब्दांची तक्रार रहिवाशाने पाठवताच ॲपने ती सफाई वर्गात टाकली होती, आणि तीच तक्रार रात्रीच्या एकत्रित फेरीत लिफ्ट या वर्गात आली होती. मॉडेल एकच, शब्द तेच, वजनांची फाईलही तीच. फरक एवढाच होता की दिवसा तक्रार एकटी जात होती आणि रात्री ती आणखी ३१ तक्रारींबरोबर एका बॅचमध्ये जात होती.

त्या दिवशी मी जुन्या २०० तक्रारी घेतल्या आणि प्रत्येक तक्रार एकदा एकटी, एकदा बॅचमध्ये अशी चालवून पाहिली. ३१ तक्रारींचा वर्ग बदलला, आणि त्यांतील बहुतेक चार शब्दांपेक्षा लहान होत्या. तोटा लहान तक्रारींनाच का, हे कळल्यावर पुढचा शोध सोपा झाला. बॅचमध्ये सर्व तक्रारी एकाच लांबीच्या आयतात बसवाव्या लागतात. त्या बॅचमधील सर्वांत लांब तक्रार ४९ शब्दांची असल्यामुळे ‘लिफ्ट बंद’च्या मागे ४७ रिकाम्या जागा, म्हणजेच पॅडिंग, भरल्या गेल्या होत्या, आणि मी वर्ग ठरवण्यासाठी जीआरयूची शेवटची हिडन स्टेट वापरत होते. म्हणजे दोन शब्द वाचून झाल्यावर जीआरयूने आणखी ४७ पावले टाकली होती आणि त्यानंतरची स्थिती मी त्या दोन शब्दांचा अर्थ म्हणून पुढे पाठवत होते.

चाचणीतील गुण चांगले येत असताना हे आधी का दिसले नाही, याचे उत्तरही यातच होते. प्रशिक्षण आणि चाचणी दोन्ही बॅचमध्येच होत होत्या. लहान तक्रार मॉडेलने नेहमी लांबलचक पॅडिंगसह पाहिली होती, त्यामुळे रिकाम्या जागा ओलांडताना स्थिती जपून ठेवायला ते थोडेफार शिकले होते. दिवसा एकटी आलेली, एकही रिकामी जागा नसलेली ‘लिफ्ट बंद’ त्याला अनोळखी होती. तुमचे मॉडेलही असेच शिकलेले असेल, तर बॅचमधील गुणांवरून हा दोष कळणार नाही. एकच उदाहरण एकटे आणि सोबतीत चालवून पाहिले तरच तो दिसतो.

बुधवारी, ८ तारखेला मी पहिला उपाय केला. प्रत्येक शब्दाला आकड्यांचा एक सदिश देणाऱ्या `nn.Embedding` ला `padding_idx=0` दिले. त्यामुळे पॅडिंगचा सदिश शून्य राहतो आणि प्रशिक्षणातही बदलत नाही. शून्य आत गेले तर स्थितीवर परिणाम कसा होईल, असे मला मनापासून वाटत होते. कार्यालयाच्या लॅपटॉपवर पुन्हा प्रशिक्षण घ्यायला सुमारे ५० मिनिटे लागली. वर्ग बदलणाऱ्या तक्रारी ३१ वरून २६ वर आल्या, त्याहून कमी झाल्या नाहीत.

हे आकडे पाहून मी निराश झाले, पण गुरुवारी घणसोलीहून ठाण्याला परतताना लोकलमध्ये वहीवर जीआरयूची समीकरणे लिहून काढली आणि चूक समजली. प्रत्येक पावलावर नवी स्थिती दोन गोष्टींतून तयार होते: आलेला सदिश आणि आधीची स्थिती. आलेला सदिश शून्य झाला तरी आधीच्या स्थितीला वजनांनी गुणणे थांबत नाही आणि बायसही मिळवला जातोच. `bias=False` ठेवले तरी पहिली गोष्ट उरतेच. शून्य आत देणे म्हणजे ‘थांब’ म्हणणे नव्हे. जीआरयूच्या दृष्टीने तोही एक शब्द असतो आणि तो वाचून स्थिती पुढे सरकते.

शुक्रवारी मी हे प्रत्यक्ष करून पाहिले. अजिबात न शिकवलेला एक नवा जीआरयू घेतला, त्याला दोन अगदी वेगळ्या प्रारंभिक स्थिती दिल्या आणि दोन्हींना ५० पावले फक्त शून्य वाचायला दिले. शेवटी चार दशांश स्थळांपर्यंत छापलेल्या दोन्ही स्थितींत काहीच फरक उरला नव्हता. सुरुवातीला काय वाचले होते याची आठवण पुसून दोन्ही त्याच एका विसाव्याच्या जागी जाऊन बसल्या होत्या. शिकवलेल्या मॉडेलमध्ये हे इतके टोकाला जात नाही, परंतु ते जात नाही कारण प्रशिक्षणाचा काही भाग या विस्मरणाशी झगडण्यात खर्च झालेला असतो. `padding_idx` उपयोगाचे आहेच आणि मी ते अजूनही ठेवले आहे. मात्र ते एम्बेडिंगच्या कोष्टकापुरते काम करते आणि पुढच्या जीआरयूला त्याचा पत्ता नसतो.

शनिवार-रविवारी घरी बसून मी दुसरा उपाय केला. प्रत्येक तक्रारीची खरी लांबी माहीत असेल तर सर्व पावलांच्या आउटपुटमधून शेवटच्या खऱ्या शब्दापाशी असलेली स्थिती `gather` ने उचलता येते. पुढच्या दिशेसाठी हे निर्दोष आहे, कारण दुसऱ्या शब्दापाशी असलेल्या स्थितीने नंतरच्या रिकाम्या जागा अजून पाहिलेल्याच नसतात. मागील दिशेची स्थिती मी पहिल्या शब्दापाशी उचलली, कारण उलटे वाचणारा तेथेच संपतो. पुन्हा ५० मिनिटे प्रशिक्षण, पुन्हा तीच २०० तक्रारींची चाचणी. या वेळी १४ तक्रारी उरल्या.

सोमवारी सकाळी मी आमच्या गटातील ज्येष्ठ मॅडमना कोड दाखवला. त्यांनी शांतपणे वाचून एकच प्रश्न विचारला, “उलटं वाचणारा सुरुवात कुठून करतो, ते पाहिलंत का तुम्ही?” मी म्हणाले, “शेवटच्या शब्दापासून.” त्या म्हणाल्या, “शेवटच्या शब्दापासून नाही, आयताच्या शेवटच्या घरापासून.” तेवढ्यात सारे स्पष्ट झाले. ‘लिफ्ट बंद’च्या बाबतीत उलट दिशेचा जीआरयू आधी ४७ रिकाम्या जागा वाचत होता आणि मग ‘बंद’पाशी पोहोचत होता. तो संपतो कुठे हे मी बरोबर हेरले होते, पण सुरुवातीलाच डागाळलेली स्थिती शेवटी कुठूनही उचलली तरी स्वच्छ होत नाही. आयत तसाच आत पाठवत राहिले तर दोन्ही दिशा एकाच वेळी शुद्ध राहत नाहीत. रिकाम्या जागा जीआरयूपर्यंत पोहोचूच न देणे हाच मार्ग उरला, आणि `pack_padded_sequence` नेमके तेच करते.

पॅकिंग म्हणजे काय हे मला आधी नावापुरते ठाऊक होते. त्या दुपारी मी तीन तक्रारी घेऊन ते हाताने मांडले आणि मग मशीनवर छापून ताडून पाहिले. ‘लिफ्ट बंद’ ही दोन शब्दांची, ‘पाणी आले नाही’ ही तीन शब्दांची आणि ‘जिन्यातील दिवा चार दिवस बंद’ ही पाच शब्दांची तक्रार. आयतात या तीन गुणिले पाच म्हणजे १५ घरे व्यापतात, त्यांतील पाच रिकामी असतात. पॅक केल्यावर तक्रारी लांबीच्या उतरत्या क्रमाने लावल्या जातात आणि स्तंभ एकामागून एक वाचले जातात: आधी तिन्हींचे पहिले शब्द, म्हणजे जिन्यातील, पाणी, लिफ्ट, मग दुसरे शब्द, म्हणजे दिवा, आले, बंद, मग दोनच उरतात, चार आणि नाही, आणि शेवटी एकटीचे दिवस आणि बंद. एकूण दहा ओळी होतात, एकही रिकामी नाही. त्यांच्यासोबत `batch_sizes` नावाची यादी जाते, येथे `[3, 3, 2, 1, 1]`, आणि प्रत्येक पावलावर किती तक्रारी अजून जिवंत आहेत ते जीआरयूला तिच्यावरून कळते.

पुढची दिशा दोन पावलांनंतर ‘लिफ्ट बंद’ला बाजूला ठेवते आणि तिची तेव्हाची स्थितीच शेवटची म्हणून जपते. उलट दिशा पाचव्या पावलावर एकट्या जिन्याच्या तक्रारीने सुरू होते, तिसऱ्यावर पाण्याची तक्रार तिला येऊन मिळते आणि दुसऱ्यावर लिफ्टची. प्रत्येकीची सुरुवात तिच्या स्वतःच्या शेवटच्या शब्दापासून आणि कोऱ्या शून्य स्थितीतून होते. `gather` ने मला जे मिळत नव्हते ते हेच.

कोड मात्र फार लहान निघाला:

```python
packed = pack_padded_sequence(
    self.emb(x), lengths.cpu(),
    batch_first=True, enforce_sorted=False)
_, h = self.gru(packed)
final = torch.cat((h[-2], h[-1]), dim=1)
```

या पाच ओळी चालत्या करायला मला दोन दिवस लागले, कारण प्रत्येक शब्दामागे एक अट आहे.

पहिली अडचण लांबीची होती. मी लांबी `(x != 0).sum(1)` अशी मोजत होते. आमच्या शब्दसूचीत पॅडिंगचा क्रमांक ० होता आणि अनोळखी शब्दांचाही ०च होता, ही चूक मीच वर्षभरापूर्वी केलेली. त्यामुळे चुकीच्या शुद्धलेखनाचा शब्द असलेली तक्रार प्रत्यक्षाहून लहान मोजली जात होती आणि पॅकिंग तिचे शेवटचे शब्द गुपचूप कापून टाकत होते. कोणताही एरर येत नाही. मी एका बॅचच्या लांब्या आणि मूळ वाक्ये शेजारी छापली तेव्हाच हे लक्षात आले. आता अनोळखी शब्दाला १ क्रमांक दिला आहे आणि लांबी आयत तयार करण्यापूर्वी, शब्दांच्या यादीच्या `len` वरूनच घेतली जाते.

दुसरी अडचण रिकाम्या तक्रारींची होती. काही रहिवासी केवळ छायाचित्र पाठवतात किंवा एखादे भावचिन्ह टाकतात, आणि मजकूर स्वच्छ केल्यावर त्यात शून्य शब्द उरतात. आयताला त्याचे काही वाटत नव्हते. पॅकिंग मात्र लांबी ० आढळताच एरर देऊन थांबते, आणि मला ते योग्यच वाटले. अशा तक्रारीत मॉडेलला वाचण्यासारखे काही नसते, म्हणून त्या आता थेट तक्रार-विभागातील माणसाकडे जातात. ज्यांना त्या मॉडेलमधूनच न्यायच्या असतील त्यांनी तेथे एक अनोळखी शब्द ठेवून लांबी १ करावी.

तिसरी चूक सर्वांत धोकादायक होती. मी वाचलेल्या एका जुन्या उदाहरणात तक्रारी हाताने उतरत्या क्रमाने लावून मग पॅक केल्या होत्या. मी तसेच केले, पण वर्गांची यादी जुन्याच क्रमात राहिली. प्रशिक्षण विनातक्रार चालले. फक्त गुण एवढे खाली गेले की मॉडेल डोळे मिटून वर्ग निवडत आहे असे वाटावे. `enforce_sorted=False` दिले की क्रम लावणे आणि तो पूर्ववत करणे हे दोन्ही पायटॉर्च स्वतः करते, आणि जीआरयूकडून परत येणारी `h` मूळ क्रमातच असते. लक्षात ठेवायचे ते एवढेच की `packed.data` मधील ओळी मात्र लावलेल्या क्रमात असतात, म्हणून त्यांवर थेट काही करायचे झाल्यास `sorted_indices` पाहावे.

`batch_first=True` बद्दलही एक इशारा द्यावासा वाटतो. ते पॅकिंगला द्यायचे विसरले तर सहसा लगेच एरर येतो, कारण लांब्यांची संख्या आणि बॅचचा आकार जुळत नाही. परंतु आमची बॅच ३२ तक्रारींची आहे, आणि एखाद्या बॅचमधील सर्वांत लांब तक्रारही नेमकी ३२ शब्दांची निघाली तर आयत चौरस होतो, आकडे जुळतात आणि शब्द व तक्रारी यांची अदलाबदल होऊनही काही कळत नाही. म्हणून चाचणीसाठी बॅच मुद्दाम चौरस नसलेली घ्यावी. याउलट `h` चा आकार `batch_first` ने बदलत नाही. त्याची पहिली मिती नेहमी थर आणि दिशा यांची असते, आणि म्हणून `h[-2]` ही शेवटच्या थराची पुढची दिशा व `h[-1]` ही उलट दिशा.

मंगळवारी, संक्रांतीच्या दिवशी, लॅपटॉपवर थोड्या नमुन्यांवर सारे चालले. आता पूर्ण विदेवर प्रशिक्षण घेणे भाग होते. मला क्षणभर मोह झाला होता की जुनीच वजने ठेवावीत आणि फक्त वापरताना पॅकिंग जोडावे. मी तसे करूनही पाहिले आणि लहान तक्रारींचे निकाल आणखी बिघडले, कारण त्या वजनांना रिकाम्या जागांची सवय होती आणि मी त्या अचानक काढून घेतल्या. पॅकिंग प्रशिक्षणात आणि वापरात दोन्हीकडे एकदमच यावे लागते.

पूर्ण विदेसाठी कंपनी बाहेरून तासाने जीपीयू घेते. त्यासाठी एक अर्ज भरावा लागतो: कामाचे कारण, अंदाजे तास, खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा, आणि तक्रारींतील नावे, फ्लॅट क्रमांक व दूरध्वनी क्रमांक काढून टाकल्याचे लेखी निवेदन. बुधवारी अर्ज दिला. निवेदनावर विभागप्रमुखांची सही नव्हती म्हणून तो गुरुवारी परत आला. शुक्रवारी सहीसह पुन्हा दिला आणि मंगळवार, २१ तारखेला मशीन मिळाले. चार तास लागले आणि तासाला ९० रुपयांप्रमाणे ३६० रुपये खर्च झाला. अर्जासोबत सही आधीच घेऊन ठेवली असती तर दोन दिवस वाचले असते.

अर्जाची वाट पाहताना मी दोन चाचण्या लिहिल्या, आणि मशीनवर पाऊल टाकताच त्यांचा उपयोग झाला. लॅपटॉपवर जीपीयू नसल्याने लांब्या सीपीयूवरच असतात. मशीनवर मात्र मी साऱ्या गोष्टींबरोबर त्याही जीपीयूवर नेल्या, आणि पॅकिंगने लांब्या सीपीयूवरच हव्यात असे सांगून नकार दिला. वरच्या कोडमधील `.cpu()` तेथून आले आहे.

पहिली चाचणी साधी आहे. तीच तक्रार एकटी आणि लांब सोबत्यांसह चालवायची आणि दोन्ही स्थितींतील सर्वांत मोठा फरक छापायचा. आधी `model.eval()` करायला विसरू नये, नाहीतर ड्रॉपआउटमुळे येणारा फरक आपण पॅडिंगच्या माथी मारतो. फरक अगदी शून्य असेल अशी अपेक्षाही ठेवू नये, कारण बॅचचा आकार बदलला की बेरजांचा क्रम बदलू शकतो. माझ्याकडे तो ०.०००००१ पेक्षा कमी आला. जुन्या मॉडेलमध्ये पहिल्या दशांश स्थळापासूनच आकडे वेगळे होते, त्यामुळे या दोहोंत गल्लत होण्याची भीती नाही.

दुसरी चाचणी मॅडमनी सुचवली आणि ती मला अधिक आवडते. रिकाम्या जागांत शून्याऐवजी `nan` भरायचे. ते ज्या बेरजेत किंवा गुणाकारात जाते तिचे उत्तरही `nan` होते, त्यामुळे एकही रिकामी जागा कुठून आत शिरली तर ती लपून राहत नाही.

```python
with torch.no_grad():
    e = model.emb(x)
    t = torch.arange(x.size(1), device=x.device)
    e[t[None, :] >= lengths.to(x.device)[:, None]] = float('nan')
    p = pack_padded_sequence(e, lengths.cpu(),
            batch_first=True, enforce_sorted=False)
    _, h = model.gru(p)
assert not torch.isnan(h).any()
```

हीच `e` पॅक न करता जीआरयूला दिली तर ‘लिफ्ट बंद’च्या दोन्ही दिशांच्या शेवटच्या स्थिती `nan` होतात. मी तेही एकदा करून पाहिले, कारण चाचणी दोष पकडते याची खात्री झाल्याशिवाय तिच्या शांततेवर विश्वास ठेवता येत नव्हता. ज्यांना शेवटच्या स्थितीऐवजी सर्व शब्दांच्या स्थितींची सरासरी किंवा कमाल हवी असेल त्यांना `pad_packed_sequence` ने पुन्हा आयत करावा लागतो आणि तेथे रिकाम्या जागा शून्य होऊन परत येतात. सरासरीसाठी खऱ्या लांबीने भागावे आणि कमाल घेताना `padding_value=float('-inf')` द्यावे, नाहीतर खऱ्या स्थिती ऋण असतील तेथे ते शून्यच कमाल ठरते. मला शेवटची स्थितीच हवी होती, म्हणून मी त्या वाटेला गेले नाही.

गुरुवार, २३ जानेवारी रोजी नवी वजने सर्व्हरवर चढवली. त्याच जुन्या २०० तक्रारी एकट्या आणि बॅचमध्ये चालवल्या, आणि वर्ग बदललेली एकही नव्हती. एकूण गुणांत फारसा फरक पडला नाही, लहान तक्रारींच्या बाबतीत मात्र तो स्पष्ट दिसला. दोन्ही चाचण्या आता कोडसोबत ठेवल्या आहेत आणि वजने बदलली की आपोआप चालतात. शुक्रवारी सकाळी तक्रार-विभागातील सहकाऱ्याने पुन्हा दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या. दुसऱ्याच एका सोसायटीतून ‘लिफ्ट बंद’ आली होती, आणि दिवसा व रात्री दोन्हीकडे ती लिफ्ट याच वर्गात होती.